चार बोटांची उंची

कमोडच्या दुकानात एकाच नमुन्याची दोन भांडी शेजारी ठेवलेली दिसतात. रंग, आकार, फ्लश सगळं सारखंच, फक्त एकाची बैठक जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर आणि दुसऱ्याची ४७ वर. फरक जेमतेम चार बोटांचा आहे. पण या चार बोटांत एखाद्या माणसाला आधाराशिवाय उठता येतं की नाही ते ठरतं. पोट सहज साफ होतं की कुंथावं लागतं तेही बऱ्याच अंशी इथेच ठरतं. आणि नवल असं की या दोन गोष्टी एकमेकींच्या अगदी उलट दिशेला ओढतात. उठणं सोपं व्हावं म्हणून बैठक वर नेली की पोट साफ होणं अवघड होतं, आणि पोटासाठी ती खाली आणली की गुडघे तक्रार करतात. सगळ्यांना चालेल अशी एकच उंची शरीररचनेतच नाही.

उंच बैठकीची गोष्ट अमेरिकेतली. तिथल्या घरांत कमोडची बैठक वर्षानुवर्षं १५-१६ इंचांवर, म्हणजे ३८ ते ४१ सेंटिमीटरवर असे. १९६१ साली इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजेंट यांच्या पुढाकाराने अपंगांना वावरता येतील अशा इमारतींचं पहिलं अमेरिकन मानक तयार झालं. त्यात कमोडची बैठक २० इंचांवर असावी असं सुचवलं होतं. पुढे हा आकडा खाली आला. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यानंतर जी मानकं लागू झाली, त्यांनी १७ ते १९ इंच, म्हणजे ४३ ते ४८ सेंटिमीटर ही पट्टी पक्की केली. आजच्या ‘कम्फर्ट हाइट’ कमोडची उंची हीच.

ही उंची आली कुठून, हे पाहण्यासारखं आहे. चाकाच्या खुर्चीची बैठक साधारण १८ ते २० इंचांवर असते. खुर्चीतून कमोडवर सरकायचं तर दोन्ही बैठका जवळपास एका पातळीत हव्यात, नाहीतर येताना किंवा जाताना हातांच्या जोरावर अख्खं शरीर चढावर ढकलावं लागतं. म्हणजे ही उंची ठरवताना डोळ्यांपुढे खुर्ची होती, उभं राहणाऱ्या माणसाचे पाय नव्हते. ती उंची बऱ्याच वयस्कर आणि उंच माणसांना सोयीची पडली, ती दुकानात सर्वांसाठी म्हणून आली आणि ‘जास्त उंच म्हणजे जास्त आरामदायी’ असा समज तिच्याबरोबर पसरला. भारतातल्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही कमोडची बैठक ४५० ते ४८० मिलिमीटरवर असावी असं सांगितलं आहे. सार्वजनिक स्वच्छतागृहात, जिथे कोण येईल ते माहीत नसतं, तिथे हे योग्यच आहे. घरात मात्र कोण बसणार ते आपल्याला नेमकं ठाऊक असतं.

अमेरिकेच्या त्याच मानकांमधला एक तक्ता मला फार आवडतो. लहान मुलांसाठीच्या स्वच्छतागृहांत बैठक किती उंच असावी ते त्यात वयाप्रमाणे दिलं आहे: ३-४ वर्षांसाठी ११ ते १२ इंच, ५ ते ८ वर्षांसाठी १२ ते १५, आणि ९ ते १२ वर्षांसाठी १५ ते १७. बैठक पायांच्या मापाने बदलली पाहिजे हे तिथे सरळ मान्य केलं आहे. पण तेरावं वर्ष लागलं की तक्ता संपतो आणि सगळे मोठे एका पट्टीत येतात. आपल्याकडे १४८ सेंटिमीटर उंचीच्या आज्या घरोघरी आहेत. त्यांचे पाय त्या तक्त्यातल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीएवढेच असतात.

तेव्हा मोजायचं काय? माणसाची उंची नव्हे, गुडघ्यामागच्या लवणीची उंची. खुर्चीवर ताठ बसा, पावलं जमिनीवर सपाट टेकवा, नडगी उभी ठेवा आणि जमिनीपासून लवणीपर्यंत टेप धरा. बहुतेकांच्या बाबतीत हे माप एकूण उंचीच्या साधारण पाव भागाइतकं येतं, पण पायांची लांबी माणसागणिक बदलते, म्हणून टेप धरलेलाच बरा. आणि मोजताना पायांत तीच रबरी चप्पल असू द्या जी घालून तुम्ही संडासात जाता. पावलाखालची दीड-दोन सेंटिमीटर जाडी म्हणजे तेवढा लांब झालेला पाय. कमोडची उंची निवडताना दोन सेंटिमीटर ही मोठी रक्कम आहे.

आता उठण्याकडे पाहू. बैठक लवणीइतक्याच उंचीवर असेल तर मांडी आडवी, नडगी उभी आणि गुडघा काटकोनात, म्हणजे ९० अंशांत वाकलेला असतो. या स्थितीतून, धड ताठ ठेवून, कुणालाच उठता येत नाही. शरीराचा भार नितंबांवर असतो, पावलं त्याच्या कितीतरी पुढे असतात, आणि उभं राहायचं तर भार पावलांवर यायला हवा. म्हणून आपण नकळत दोन गोष्टी करतो: पावलं मागे ओढतो आणि धड पुढे झुकवतो. पावलं मागे घेतली की नडगी तिरपी होते आणि गुडघा आणखी १०-१५ अंश वाकतो. म्हणजे बसायला ९० अंश पुरतात, पण उठायला १०० ते १०५ लागतात.

संधिवाताने आखडलेला गुडघा कुठे अडतो ते इथे कळतं. ज्याचा गुडघा ९०-९५ अंशांच्या पुढे वाकतच नाही, तो माणूस लवणीच्या उंचीच्या बैठकीवर छान बसतो. पण पावलं मागे येत नाहीत, म्हणून तो नळाला, दाराच्या कडीला, वॉशबेसिनला धरून स्वतःला ओढून उठवतो. घरातले म्हणतात, पायांत जोर राहिला नाही. पुष्कळदा जोर असतो, कमी पडतो तो कोन.

बैठक वर नेली तर हा कोन परत मिळतो, आणि किती मिळतो याचा हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीने होतो. मांडीची लांबी ४० सेंटिमीटर धरा. खुबा गुडघ्यापेक्षा ५ सेंटिमीटर वर गेला की मांडी ७ अंशांनी पुढे उतरते, ७ सेंटिमीटर वर गेला की १० अंशांनी, १० सेंटिमीटर वर गेला की १४ अंशांहून थोडी जास्त. गुडघ्याचं वाकणं तेवढंच कमी झालं, आणि ते वाचलेले अंश पावलं मागे घ्यायला वापरता येतात. म्हणजे चार बोटांची उंची म्हणजे दहा अंश, आणि आखडलेल्या गुडघ्याला नेमके तेवढेच कमी पडत होते! शिवाय उचलायची उंचीही घटते आणि स्नायूंवरचा ताणही. बसलेल्या स्थितीतून उठण्याविषयीच्या अभ्यासांचा एक आढावा २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात उंच बैठकीमुळे गुडघ्यावरचा भार ६० टक्क्यांपर्यंत आणि खुब्यावरचा ५० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो असं आढळलं. हातांचा आधार घेतला तर खुब्यावरचा भार जवळपास निम्मा होतो, हेही त्याच आढाव्यात आहे.

खुब्याचा सांधा बदललेल्यांसाठी हा हिशेब आणखी काटेकोर असतो. शस्त्रक्रिया मागच्या बाजूने केली असेल तर पहिले काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू नका असं अनेकदा सांगितलं जातं, कारण जास्त वाकवला तर नवा सांधा निखळण्याची भीती असते. गुडघे खुब्याच्या वर जातील अशा कोणत्याही बैठकीवर हा नियम मोडतो. त्यात पुढे झुकून उठायचं म्हणजे तो कोन आणखी मिटतो.

तर मग सगळ्यांनीच उंच कमोड का घेऊ नये? उत्तर ओटीपोटाच्या तळाशी आहे. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग गुदद्वाराकडे सरळ उतरत नाही, तिथे त्याला एक वळण असतं. एक स्नायू त्याच्याभोवती मागून फिरून पुढच्या हाडाला घट्ट बांधलेला असतो, गोफणीच्या पट्ट्याने दगड धरून ठेवावा तसा. हा स्नायू आतड्याला पुढे ओढून ठेवतो म्हणून आपण दिवसभर निर्धास्त हिंडतो. शौचाच्या वेळी तो सैल पडतो आणि वळण सरळ होतं. किती सरळ होतं, ते मांड्या पोटाच्या किती जवळ आहेत यावरही अवलंबून असतं. जपानमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात या वळणाचा कोन खुर्चीसारखं बसल्यावर सरासरी १०० अंश आणि उकिडवं बसल्यावर १२६ अंश भरला. त्याआधी २००३ मध्ये इस्रायलमधल्या डोव्ह सिकिरोव्ह यांनी २८ निरोगी माणसांना तीन प्रकारे बसवून वेळ नोंदवायला सांगितली होती. उकिडवं बसून सरासरी ५१ सेकंद लागली, ४१-४२ सेंटिमीटर उंच कमोडवर १३०. माणसं थोडी होती, म्हणून या आकड्यांवर फार मोठी इमारत उभी करू नये. पण दिशा स्पष्ट आहे, आणि भारतीय बैठकीवर वाढलेल्या कुणालाही ती अनुभवाने ठाऊक आहे.

कॉर्नेल विद्यापीठातले वास्तुशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर किरा यांनी १९६६ साली ‘द बाथरूम’ नावाचं पुस्तक लिहून हेच सांगितलं होतं, की कमोड शरीराला हवेत त्यापेक्षा उंच आहेत. नंतरच्या काळात बाजार मात्र आणखी वरच गेला. दोन्ही बाजू बरोबर होत्या. किरा शौचक्रियेकडे पाहत होते, कायदा कमोडपर्यंत पोहोचण्याकडे.

बुटक्या माणसाचं उंच कमोडवर होतं ते असं. टाचा उचलल्या जातात, मग पावलं लोंबकळतात. पायांचा भार बैठकीच्या पुढच्या कडेवर येतो आणि ती कड मांडीच्या मागच्या नसा-रक्तवाहिन्या दाबते, म्हणून थोड्या वेळाने मुंग्या येतात. पाय टेकलेले नसले की पोटाला आणि तळाच्या स्नायूंना सैल पडायला आधार मिळत नाही, माणूस सावरून बसण्यातच ताकद घालवतो. हे ओळखायला उपकरण लागत नाही. बसल्यावर मांडी आणि बैठकीची पुढची कड यांच्यामध्ये बोटं सरकवून पाहा. बोटं शिरतच नसतील तर बैठक उंच आहे. उलट मांडी कडेपासून सुटून वर गेली असेल आणि सगळा भार फक्त मागे जाणवत असेल, तर बैठक त्या पायांना बुटकी आहे.

फार उंच माणसाची तक्रार वेगळी असते. १९० सेंटिमीटरच्या माणसाची लवण चपलेसकट ४९ च्या आसपास येते. ४० च्या बैठकीवर त्याचे गुडघे खुब्यांपेक्षा ९ सेंटिमीटर वर असतात. पोटासाठी हे उत्तमच. पण बसताना शेवटच्या चार बोटांत स्नायूंचा ताबा सुटतो आणि तो धपकन आदळतो. सीटच्या बिजागऱ्या वारंवार निखळत असतील तर हे कारण तपासून पाहावं. अशा माणसाने उंचीइतकंच भांड्याच्या लांबीकडेही पाहावं. अमेरिकन मापात गोल भांडं साधारण साडेसोळा इंच लांब असतं आणि लांबट साडेअठरा. मांडी लांब असेल तर हे दोन इंच फार जाणवतात. मात्र लहान संडासात दार आत उघडत असेल तर पुढे आलेले गुडघे दाराला लागतात, तेव्हा दाराची जागा आधी मोजावी.

आता एक घर घेऊ. समजा पुण्यातला फ्लॅट आहे, संडासाचं नूतनीकरण चाललं आहे आणि भिंतीला टांगायचा कमोड बसवायचा आहे. आजी १४८ सेंटिमीटर उंच, दोन्ही गुडघे आखडलेले. नातू १९० चा, धडधाकट. जुनी बैठक ४१ वर होती. दुकानदार म्हणतो, वयस्कर माणूस आहे, ४८ ची घ्या. प्लंबर म्हणतो, नेहमीप्रमाणे ४१ ठेवू.

आजींची लवण अनवाणी ३६, चपलेसकट ३८ भरली. ४१ च्या बैठकीवर त्या लवणीच्या ३ सेंटिमीटर वर बसतात. त्यांची मांडी ३८ सेंटिमीटर धरली तर त्यांना साडेचार अंशांची सवलत मिळते, आणि ती पुरत नाही हे त्या नळ धरून उठतात त्यावरून दिसतंच आहे. ४८ वर त्या लवणीच्या १० सेंटिमीटर वर जातील. सवलत १५ अंशांची, पण कडेवर सरकून बसल्याशिवाय पाय टेकणार नाहीत, आणि ओल्या फरशीवर चवड्यांच्या टोकावर उठणं हा पडण्याचा सोपा मार्ग आहे. ४३ वर सवलत साडेसात अंशांची होते आणि किंचित पुढे बसलं की पावलं पूर्ण टेकतात. मी ४३ घेईन, आणि उरलेली कसर उंचीने नव्हे, हाताच्या आधाराने भरून काढीन. नातवाचे गुडघे ४३ वर खुब्यांपेक्षा ६ सेंटिमीटर वर राहतील. त्याचे सांधे ते सहज सोसतात. एका घरात दोन मापं भांडत असतील तेव्हा ज्याला वाकता येत नाही त्याचं माप धरावं, कारण ज्याला वाकता येतं तो जुळवून घेऊ शकतो.

आकडा ठरवण्याआधी घरीच परीक्षा घेता येते. घट्ट बैठकीची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, तिच्यावर प्लायवूडचे तुकडे रचून ४३ करा आणि आजींना चप्पल घालून बसवा. बाजूला कुणीतरी उभं राहा. त्यांनी हात छातीशी धरून उठून पाहावं, मग हाताचा आधार घेऊन. एकेका सेंटिमीटरने वर-खाली करा. गादी किंवा सोफ्यावर ही परीक्षा फसते, कारण ते दबतात.

आधाराची दांडी बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून ८४ ते ९१ सेंटिमीटरवर आडवी लावावी असं अमेरिकन मानक सांगतं. आजींच्या उंचीला यातलं खालचं टोक बरं. टॉवेलची दांडी आधार म्हणून वापरू नये, ती माणसाचा भार पेलायला बनवलेली नसते. भिंत सिपोरेक्सच्या ब्लॉकची असेल तर साध्या प्लगमध्ये स्क्रू धरत नाही. तिथे त्या ब्लॉकसाठीचेच अँकर मागा आणि लावून झाल्यावर एखाद्या जड माणसाने लोंबकळून पाहावं.

काम चुकतं ते मोजण्यात. कॅटलॉगमध्ये बहुतेक वेळा भांड्याच्या काठाची उंची दिलेली असते आणि सीट त्यावर दोन-अडीच सेंटिमीटर चढते. आपल्याला हवी ती सीटच्या माथ्याची उंची. टांगत्या कमोडची लोखंडी चौकट टाइल्स बसण्याआधी भिंतीत जाते, म्हणून प्लंबर कच्च्या जमिनीपासून मोजतो. वर वॉटरप्रूफिंग, मसाला आणि टाइल्स आल्या की ठरवलेल्या ४३ चे ३८ सुद्धा झालेले असू शकतात. तयार फरशीची रेघ आधी भिंतीवर मारून घ्यावी आणि सगळी मापं त्या रेघेपासून घ्यावीत. जिथे पावलं टेकतात तिथे उतार असेल तर तोही धरावा.

जमिनीवरचा जुना कमोड उंच करायचा म्हणून त्याच्याखाली ओटा बांधतात. ओटा कमोडच्या तळाएवढाच असेल तर उपयोग होतो. पण गवंडी हौसेने तो पुढेपर्यंत रुंद बांधतो, पावलंही त्याच ओट्यावर येतात, आणि बैठक-पावलांमधलं अंतर होतं तेवढंच राहतं. वर चढायला एक पायरी मात्र वाढते. शिवाय भांडं वर गेलं की मागचा आउटलेट भिंतीतल्या पाइपाशी जुळत नाही, त्याची सोय आधी करावी लागते.

पायाखाली घ्यायच्या स्टुलाचं गणितही याच वजाबाकीचं आहे. ४७ च्या कमोडवर ९ सेंटिमीटरचा पाट ठेवला की पायांच्या दृष्टीने तो ३८ चा कमोड होतो. बुटक्या पण चपळ माणसाला घरातला उंच कमोड बदलायची गरजच नाही, हा पाट पुरतो. आखडलेल्या सांध्यांना मात्र तो जपून द्यावा. बसल्यावर पायाने पुढे ओढून घ्यायचा आणि उठण्याआधी पूर्ण बाजूला सारायचा, कारण पाटावर पाय ठेवून उठणं म्हणजे बुटक्या कमोडवरून उठणंच. खुबा बदललेल्यांनी बंदी उठेपर्यंत तो वापरूच नये.

आणि ज्याची उंचीही मोठी आणि गुडघेही आखडलेले, त्याला दुकानातला कोणताच नेहमीचा कमोड पुरत नाही. ४९ ची लवण आणि वर ५ ते ७ सेंटिमीटर म्हणजे ५४ ते ५६, आणि पट्टी तर ४८ ला संपते. अशा वेळी नेहमीच्या कमोडवर बसवायची उंच सीट घ्यावी. ती ५, १० आणि १५ सेंटिमीटरच्या मापांत मिळते. ४५ च्या बैठकीवर १० ची चढवली की काम होतं. घ्यायची ती दोन्ही बाजूंना हात असलेली आणि भांड्याच्या काठाला स्क्रूने आवळली जाणारी, नुसती वर ठेवायची नको. बसताना बाजूने भार पडला की नुसती ठेवलेली सीट सरकते. स्क्रू आठवड्यातून एकदा आवळावेत आणि घरातल्या इतरांसाठी ती काढून ठेवली असेल तर पुन्हा लावल्यावर आधी हाताने जोरात हलवून पाहावी.